चौकोनी कॅसेट, रुंद पडदा

नव्वदच्या दशकातल्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट डिजिटल करून आणायची, पेनड्राइव्ह आजच्या टीव्हीला लावायचा, आणि नवरदेव बघता बघता दहा किलोने जाड झालेला पाहायचा. हा अनुभव बऱ्याच घरांना आहे. नवरीची तक्रार तर विचारूच नका. दोष नवरदेवाच्या आहाराचा नसतो. जुन्या टीव्हीचं चित्र चार भाग रुंद आणि तीन भाग उंच असायचं, आजचा पडदा सोळा भाग रुंद आणि नऊ भाग उंच आहे. कोणीतरी ते चौकोनी चित्र ओढून रुंद पडद्यावर बसवलं, एवढंच.

आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला वीसेक मिनिटांची फिल्म करायची झाली, तर हा प्रश्न टाळता येत नाही. मावशी, काका, करवल्या यांच्या नव्या मुलाखती फोनवर आडव्या, रुंद चित्रित केलेल्या असतात आणि मधूनमधून जुनी कॅसेट दाखवायची असते. म्हणजे टाइमलाइन रुंदच हवी. नेहमीच्या १९२० बाय १०८० पिक्सेलच्या टाइमलाइनमध्ये जुनं चित्र पूर्ण उंचीने बसवलं, तर त्याची रुंदी १४४० भरते. दोन्ही बाजूंना २४०-२४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या उरतात, म्हणजे पडद्याचा पाव भाग रिकामा. पट्ट्या नकोत म्हणून चित्र मोठं करत रुंदीला भिडवलं, तर त्याची उंची १४४० होते आणि वरखाली मिळून ३६० पिक्सेल कापले जातात. इथेही गेला तो पाव भागच, फक्त आता चित्राचा. हा पाव भाग कुठे ना कुठे भरावाच लागतो. ओढून रुंद केलं तर तो माणसांच्या चेहऱ्यांतून वसूल होतो, आणि तेवढा एक मार्ग सोडून बाकी सगळ्यांवर विचार करता येतो.

त्याआधी एक तपासणी. कॅसेट डिजिटल करून देणाऱ्यांकडून आपल्याकडच्या पाल पद्धतीची फाइल बहुधा ७२० बाय ५७६ अशी मिळते. भागाकार केला तर हे प्रमाण चारास तीन येत नाही, पाचास चार येतं. कारण या जुन्या पद्धतीत पिक्सेल चौरस नसतो, किंचित आडवा असतो. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला हे कळलं नाही, तर तो पिक्सेल चौरस धरून चालतो आणि सगळे जरा सडपातळ, उंच दिसतात. फरक लहान असल्यामुळे तो नजरेतून निसटतो. म्हणून चित्रात एखादी गोल वस्तू शोधावी. लग्नात त्यांना तोटा नसतो: ओवाळणीचं ताम्हण समोरून दिसत असेल किंवा हॉलच्या भिंतीवर घड्याळ असेल, तर ते पडद्यावर आडवं आणि उभं मोजावं. दोन्ही मापं सारखी आली पाहिजेत. नसतील तर क्लिपच्या गुणधर्मांत Pixel Aspect Ratio नावाची नोंद असते, तिथे पालचा पर्याय निवडायचा. प्रीमियरमध्ये तो D1/DV PAL (1.0940) असा दिसतो. ही नोंद बदलल्यावर कडांना काळ्या बारीक फटी दिसल्या तर दचकू नये. कॅसेटचं खरं चित्र ७२० पिक्सेलची पूर्ण रुंदी व्यापतच नाही. फटी छाटल्या की पुन्हा चारास तीन हे प्रमाण हाती येतं.

काही वेळा दुकानदाराने ओढाताण फाइलमध्येच करून ठेवलेली असते. फाइल १९२० बाय १०८०, आणि ताम्हण आडवं लांबट. तेव्हा उंचीला हात न लावता फक्त रुंदी ७५ टक्के करायची, की नवरदेव मूळ वजनावर येतो. आणि फाइलमध्ये काळ्या पट्ट्या आधीच छापून आलेल्या असतील, तर दोन्ही बाजूंचे २४० पिक्सेल सुरुवातीलाच क्रॉप करून टाकावेत. का, ते पुढे येईलच.

आता पाव भागाचा हिशोब. कापणं हा सर्वांत सोपा मार्ग. चित्र पडदाभर होतं, पट्टीचं नाव उरत नाही. पण काय कापलं जातंय ते दर शॉटला पाहावं लागतं. २०१९ मध्ये ‘द सिम्पसन्स’ ही अमेरिकन मालिका डिस्ने प्लसवर आली, तेव्हा तिचे जुने चौकोनी भाग असेच वरखाली कापून रुंद केलेले होते. एका भागात बिअरच्या कारखान्यात तीन वेगवेगळ्या नावांच्या टाक्या दिसतात आणि वर पाहिलं तर तिन्हींना एकाच नळीतून बिअर येत असते. विनोद तेवढाच. कापलेल्या चित्रात नळीच गेली, टाक्या उरल्या. प्रेक्षकांनी बरीच ओरड केली आणि २०२० मध्ये डिस्नेने मूळ चौकोनी रूपात पाहण्याची सोय दिली.

लग्नाच्या कॅसेटमध्येही नळ्या असतातच. मंगलाष्टकांच्या वेळी वर मुंडावळ्या बांधलेली डोकी, मध्ये अंतरपाट आणि खाली हातातले हार. वरखाली पाव भाग गेला की अंतरपाट तेवढा मध्यभागी राहतो. कन्यादानाचे हात बहुतेक वेळा चौकटीच्या तळाशी असतात. उलट मंडपातल्या पाहुण्यांवरून फिरणारा कॅमेरा, पंगत, वरात असे शॉट बिनधास्त कापता येतात, कारण त्यांत वर छत आणि खाली जमीनच असते. जिथे डोकी वर चिकटली आहेत तिथे कापणी मधोमध न ठेवता चित्र खाली सरकवावं, म्हणजे सगळी कापणी तळातून होईल. कोपऱ्यात कॅमेऱ्याने उमटवलेली तारीख असेल तर ती अर्धी कापली जाणार नाही हेही पाहावं. अर्धी तारीख फार वाईट दिसते, एकतर पूर्ण ठेवावी नाहीतर पूर्ण घालवावी.

कापण्याची आणखी एक किंमत आहे, ती मात्र मोठ्या पडद्यावरच कळते. मूळ चित्रात ५७६ ओळी. पूर्ण चित्र १०८० उंचीला नेलं तर ते पावणेदोन पटींहून थोडं जास्त ताणलं जातं. पाव भाग कापून नेलं तर उरतात ४३२ ओळी, आणि त्या अडीच पट फुगवाव्या लागतात. व्हीएचएस मुळातच भुरकट, त्यात ही वाढ. म्हणून दूरच्या, लहान चेहऱ्यांच्या शॉटला कापणी जास्त झोंबते, जवळच्या चेहऱ्याला कमी. आणि हलत्या माणसांच्या कडांना कंगव्याच्या दात्यांसारख्या आडव्या रेघा दिसत असतील, तर मोठं करण्याआधी सॉफ्टवेअरमधून डीइंटरलेस करून घ्यावं, नाहीतर ते दातेही मोठे होतात.

निम्मं निम्मं हाही एक मार्ग आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये रुंद टीव्ही येऊ लागले, तेव्हा बीबीसीने चौदास नऊ अशी मधली चौकट बराच काळ वापरली. आपल्या मापात चित्र १६८० रुंद करायचं. मग वरखाली ९०-९० पिक्सेलच कापले जातात आणि बाजूला १२०-१२० उरतात. अंतरपाटाच्या शॉटला मला हे फार सोयीचं वाटतं. डोकी आणि हार बहुधा वाचतात, आणि बाजूच्या जागेकडे कोणाचं लक्ष जात नाही.

मात्र ती बाजूची जागा भरायची कशी, इथे बहुतेक फिल्म बिघडतात. प्रचलित युक्ती अशी: तीच क्लिप खालच्या ट्रॅकवर पुन्हा ठेवायची, पडदा भरेल एवढी मोठी करायची, तिच्यावर गॉशियन ब्लर घालायचा आणि वर मूळ चित्र बसवायचं. बातम्यांच्या वाहिन्या फोनवरचे उभे व्हिडिओ याच पद्धतीने दाखवतात. युक्ती चांगली आहे, पण नुसती लावून सोडली तर बाजूचा धूसर पट्टा मुख्य चित्राइतकाच उजळ आणि चंचल राहतो. फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला की तिन्ही ठिकाणी उडतो. कॅमेरा डावीकडे वळला की कडेला रंगाचे गोळे धावतात. कडेची हालचाल डोळ्याला चटकन जाणवते, आणि प्रेक्षक नवरीऐवजी धुक्याकडे बघू लागतो.

म्हणून खालच्या प्रतीचा उजेड निम्म्याच्या आसपास आणावा, रंग बरेच उतरवावेत, आणि ब्लर इतका वाढवावा की माणूस माणूस म्हणून ओळखूच येऊ नये. धुक्यात चेहरा ओळखू येत असेल तर ब्लर कमी पडलाय. शॉटमध्ये हालचाल जास्त असेल तर खाली चालती क्लिप न ठेवता तिची एक स्थिर फ्रेम ठेवावी, फ्लॅशचा प्रश्न तिथेच मिटतो. ब्लर कडेला बाहेरचा काळा रंग आत ओढतो, म्हणून प्रीमियरमध्ये Repeat Edge Pixels ही खूण करावी किंवा प्रत गरजेपेक्षा थोडी जास्तच मोठी करावी. व्हीएचएसच्या तळाशी वेड्यावाकड्या पांढऱ्या रेघांची एक पट्टी असते. जुने टीव्ही चित्राच्या कडा चौकटीआड लपवत, म्हणून ती कधी दिसली नाही. वरच्या चित्रातून तर ती छाटावीच, पण खालच्या प्रतीतूनही, नाहीतर तिचाच उजळ धूर होतो. फाइलमध्ये छापून आलेल्या काळ्या पट्ट्या आधी काढायच्या त्याही याचसाठी: त्या राहिल्या तर चित्राच्या दोन्ही बाजूंना धुकं येण्याऐवजी काळोख येतो, आणि ब्लर बिघडलाय असं वाटून माणूस तासभर डोकं खाजवत बसतो.

धुकंच हवं असंही नाही. चित्र डावीकडे सरकवलं तर उजवीकडे ४८० पिक्सेलचा एकच सलग उभा पट्टा मिळतो. त्यात लग्नपत्रिकेचा तुकडा बसतो, त्या काळचा उभा फोटो बसतो, किंवा मुलाखतीत बोलणाऱ्या मावशीचं नाव आणि नातं. सप्तपदीच्या वेळी एकाच क्षणाचे दोन शॉट असतील, तर दोन्ही ९६० बाय ७२० या मापाने शेजारी शेजारी ठेवावेत. रुंदी नेमकी १९२० भरते, पट्टे फक्त वरखाली राहतात, आणि ती मांडणी मुद्दाम केलेली वाटते. स्टेजवरच्या ग्रुप फोटोसाठी तर कापणी नकोच. तिथे डोक्यापासून पायापर्यंत आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसंच असतात. त्याला पूर्ण चौकट द्यावी आणि बाजूला पैठणीच्या काठातला एखादा गडद, सपाट रंग.

सगळ्या युक्त्या एकाच फिल्ममध्ये मात्र वापरू नयेत. एक शॉट पडदाभर, पुढचा धुक्यात, तिसरा रंगात असं झालं की चौकट दर पाच सेकंदांनी उडी मारते. एका विधीचे सगळे शॉट एकाच पद्धतीने ठेवावेत आणि पद्धत बदलायचीच असेल तर मुलाखत मध्ये येते तिथे बदलावी. तयार फिल्म लॅपटॉपवर पाहून समाधान मानू नये, घरातल्या मोठ्या टीव्हीवर लावावी. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार ‘ओरिजिनल’ किंवा सोळास नऊ आहे ना, हे आधी बघावं. तिथे झूमचा पर्याय चालू असेल तर वरखाली पुन्हा कापलं जातं.

मुलाखती नसतील, नुसती कॅसेटच जपून ठेवायची असेल, तर यातलं काहीच करू नये. टाइमलाइनच १४४० बाय १०८० ची करावी आणि तशीच फाइल काढावी. टीव्ही आपल्या पट्ट्या आपण लावून घेईल, पण त्या फाइलमध्ये छापल्या जाणार नाहीत आणि चित्राचा एकही कोपरा जाणार नाही.