फ्लशच्या टाकीतील वडी आणि कमोडमधील जेल: स्वच्छता की फक्त सुगंध?

एका गृहिणीने फ्लशच्या टाकीतली अर्धी विरघळलेली पांढरी वडी कमोडमध्ये टाकली आणि डाग निघावेत म्हणून वरून टॉयलेट क्लीनर ओतला. काही क्षणांतच उग्र वास आला, डोळे चुरचुरले आणि खोकला थांबेना. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा छातीत घरघर होती. वडीत क्लोरीन होते आणि क्लीनरमध्ये आम्ल. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

म्हणून वडी घेताना वेष्टनावरील घटक वाचा. निळ्या वड्यांत सहसा रंग, सुगंध आणि साबणासारखा पदार्थ असतो. कमोडच्या आत चिकटवायच्या जेलमध्येही बहुधा सुगंध आणि असाच पदार्थ असतो. पाणी जिथून वाहते तिथे नवे डाग थोडे कमी धरतात, इतकेच. जंतू मरत नाहीत आणि बोअरच्या पाण्याचा पिवळा थर निघत नाही. शिवाय निळ्या पाण्यात लघवीतील किंवा शौचातील रक्त चटकन दिसत नाही. मूळव्याध किंवा मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी निळी वडी टाळावी.

क्लोरीनची वडी डाग फिके करते आणि काही जंतूही मारते. पण रात्रभर फ्लश झाला नाही, तर टाकीतले क्लोरीनचे पाणी रबरी वॉशरला लागून राहते. वॉशर कडक होऊन चिरतो आणि पाणी गळू लागते. गळती ओळखायला टाकीत खाण्याचा रंग टाका. अर्ध्या तासात फ्लश न करता रंग कमोडमध्ये उतरला, तर वॉशर बदला.

सेप्टिक टँकमध्ये मैला कुजवण्याचे काम जिवाणू करतात. सुगंधी वडीचा अंश पाण्यात इतका पातळ होतो की सहसा फरक पडत नाही. क्लोरीनची वडी मात्र प्रत्येक फ्लशबरोबर जंतुनाशक सोडते. त्यात भर म्हणून ब्लीच किंवा फिनाईल भरपूर ओतले तर जिवाणू मरतात, गाळ लवकर साचतो, दुर्गंधी येते आणि पाणी हळू उतरते. सेप्टिक टँक असेल तर क्लोरीनची वडी वापरू नका.

खरी सफाई ब्रशनेच होते. आठवड्यातून एकदा आम्लयुक्त क्लीनर कडेखाली लावा, बाटलीवर लिहिलेला वेळ थांबा, घासा आणि फ्लश करा. टाकीत क्लोरीनची वडी असेल तर ती आधी काढा आणि दोन-तीनदा फ्लश करून ते पाणी जाऊ द्या. खिडकी उघडी ठेवा.

वायू नाकात गेलाच तर लगेच मोकळ्या हवेत या आणि डोळे १५ मिनिटे साध्या पाण्याने धुवा. दम लागत असेल, घरघर असेल किंवा आधीपासून दमा असेल, तर थांबू नका, रुग्णालयात जा. त्रास काही तासांनी वाढूही शकतो.