उत्तर माणसाचं की मशीनचं?

२००८ साली ब्रिटनमधल्या स्वान्सी शहराच्या नगर परिषदेला रस्त्यावर एक पाटी लावायची होती. अवजड वाहनांना प्रवेश नाही, पुढे फक्त निवासी वस्ती आहे, एवढाच मजकूर. वेल्समध्ये सरकारी पाट्या इंग्रजी आणि वेल्श अशा दोन्ही भाषांत लावतात, म्हणून परिषदेने तो मजकूर आपल्याच अनुवाद विभागाकडे मेलने पाठवला. लगेच वेल्शमध्ये उत्तर आलं आणि ते पाटीवर छापलं गेलं. वेल्श वाचणाऱ्यांनी पाटी पाहिली तेव्हा कळलं की तिच्यावर लिहिलंय, ‘मी सध्या कार्यालयात नाही. अनुवादाचं काम असेल तर पाठवा.’ अनुवादक रजेवर होते. आलेलं उत्तर म्हणजे त्यांच्या मेलखात्याने आपोआप पाठवलेला निरोप होता.

त्या प्रसंगात भाषा येत नसल्यामुळे फसगत झाली. भाषा येत असूनही हाच घोटाळा होतो, विशेषतः समोर मेल नसतो, त्याचा स्क्रीनशॉट असतो तेव्हा. कुणीतरी व्हॉट्सअॅपवर चित्र टाकतं आणि विचारतं, ‘बघा, याला माझा मेल मिळाला होता, तरी दोन आठवडे गप्प बसला.’ यातलं पहिलं वाक्य बहुतेकदा खरं असतं. दुसरं खरं आहे का, हे त्या चित्रातूनच बऱ्यापैकी ठरवता येतं. फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं.

एक उदाहरण घेऊ. समजा नाशिकच्या सातपूर वसाहतीतला एक कारखानदार जर्मनीतल्या खरेदी अधिकाऱ्याला सुधारित दरपत्रक पाठवतो. ४ ऑगस्ट २०२५, सोमवार, संध्याकाळी ५ वाजून १२ मिनिटं. त्याच मिनिटाला उत्तर येतं. ७ ऑगस्टला तो आठवण करून देणारा दुसरा मेल पाठवतो, त्याला काहीच उत्तर येत नाही. मग १८ ऑगस्टला दुपारी ३ वाजून ४० मिनिटांनी सविस्तर उत्तर येतं. कारखानदार तिन्हींचे स्क्रीनशॉट काढून अधिकाऱ्याच्या वरिष्ठांना पाठवतो आणि लिहितो, ‘४ तारखेला रजेवर असल्याचा निरोप आला. ७ तारखेला तो निरोप आला नाही, म्हणजे हे साहेब कामावर परतले होते. तरी ११ दिवस माझा मेल दाबून ठेवला.’ तक्रार वाचायला बिनतोड वाटते. आता चित्रं एकेक करून तपासू.

आधी वेळ बघायची. मेल गेला ५.१२ ला आणि उत्तर आलं ५.१२ ला. दरपत्रक उघडून, वाचून, त्यावर चार ओळी लिहायला कुणालाही यापेक्षा जास्त वेळ लागतो. तेव्हा हे उत्तर सर्व्हरने पाठवलं, असं मानायला जागा आहे. पण वेळ मोजायची तर दोन टोकं लागतात. स्क्रीनशॉटमध्ये फक्त आलेलं उत्तर असेल आणि आपला मेल कधी गेला ते दिसत नसेल, तर अंतर मोजताच येत नाही. शिवाय मेल सर्व्हरच्या रांगेत अडकला तर मशीनचं उत्तरही काही मिनिटं उशिरा येऊ शकतं. म्हणून एकट्या वेळेवर निकाल देऊ नये.

त्यानंतर विषयाची ओळ वाचायची. आउटलुकमधून सुटणाऱ्या आपोआप उत्तराच्या विषयाआधी `Automatic reply:` लागतं. समोरच्याचं आउटलुक जर्मन असेल तर तिथे `Automatische Antwort:` दिसतं. माणसाने ‘रिप्लाय’ दाबून पाठवलेल्या उत्तराला आपल्याकडे `Re:` लागतं, तर जर्मन आउटलुकमध्ये `AW:`. ही दोन अक्षरं म्हणजे ‘आन्टवोर्ट’, उत्तर, याचं संक्षिप्त रूप. आपल्याकडचा वाचक ती ‘अवे’ या इंग्रजी शब्दाशी जोडतो आणि माणसाने हाताने लिहिलेल्या मेलला रजेचा निरोप समजतो. आपल्या उदाहरणात ४ तारखेच्या मेलवर `Automatische Antwort:` आहे आणि १८ तारखेच्या मेलवर `AW:`. म्हणजे पहिला मशीनचा, दुसरा माणसाचा. प्रत्येक मेलसेवा असा शब्द लावतेच असं मात्र नाही. तो दिसला तर भक्कम खूण, न दिसला तर त्यावरून काहीच ठरत नाही.

तिसरी गोष्ट मजकूर. खाली नाव, हुद्दा, फोन नंबर असलेली सही आहे की नाही, याला महत्त्व देऊ नका. आपोआप उत्तरातही सही असते, ‘आपल्या मेलबद्दल आभार’ असतं आणि ‘मी’ असा प्रथमपुरुषही असतो, कारण तो मजकूर माणसानेच रजेवर जाण्यापूर्वी लिहून ठेवलेला असतो. बघायचं ते एवढंच, की तुमच्या मेलमधली एखादी गोष्ट, जी आधीपासून कुणालाच माहीत असणं शक्य नव्हतं, ती त्या उत्तरात आली आहे का. ४ तारखेच्या उत्तरात म्हटलंय, ‘१५ ऑगस्टपर्यंत रजेवर आहे, तातडीचं काम असल्यास अमुक सहकाऱ्याशी संपर्क साधा.’ हे कुणाच्याही मेलला चाललं असतं. १८ तारखेच्या उत्तरात म्हटलंय, ‘दुसऱ्या तक्त्यातल्या तिसऱ्या ओळीतला दर वाहतुकीसह आहे का?’ हे लिहिणाऱ्याने दरपत्रक उघडून पाहिलेलं आहे.

१८ तारखेच्या मेलखाली मूळ मेलचा मजकूर जोडलेला आहे आणि त्यावर `Gesendet:` म्हणजे ‘पाठवला’ या शब्दापुढे १३:४२ अशी वेळ दिसते. कारखानदाराने तर मेल १७:१२ ला पाठवला होता. यात कुणी फेरफार केलेला नाही. उत्तर देणाऱ्याच्या आउटलुकने आपल्या स्थानिक वेळेनुसार ती नोंद केली आहे आणि उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असतो. परदेशी पत्रव्यवहाराच्या स्क्रीनशॉटमध्ये एकाच मेलच्या अशा दोन वेळा दिसतात. त्या एकमेकींतून वजा करून उशीर काढला तर हिशेब चुकतो.

आता तक्रारीच्या मुळाशी जाऊ, ७ तारखेच्या शांततेकडे. तिथेच बहुतेक जण फसतात. आपोआप उत्तर दर मेलला जात नाही. तसं गेलं असतं तर रजेवर असलेल्या दोन माणसांची मेलखाती एकमेकांना रात्रंदिवस उत्तरं पाठवत बसली असती. म्हणून सेवांनी त्यावर लगाम ठेवला आहे. कार्यालयांत वापरलं जाणारं मायक्रोसॉफ्टचं एक्सचेंज एका रजेत एका व्यक्तीला एकदाच निरोप पाठवतं. जीमेल तोच निरोप त्याच व्यक्तीला पुन्हा पाठवण्याआधी चार दिवस थांबतं. म्हणजे कारखानदाराला ७ तारखेला निरोप आला नाही, कारण तो ४ तारखेलाच मिळून गेला होता. त्या शांततेवरून अधिकारी परतल्याचं मुळीच सिद्ध होत नाही.

निरोप न येण्याची इतरही कारणं असतात. अनेक कार्यालयांत आतल्या सहकाऱ्यांना निरोप जातो आणि बाहेरच्यांसाठी ती सोय बंद ठेवलेली असते. तुमचा मेल स्पॅममध्ये पडला असेल तर जीमेल निरोप पाठवत नाही. याउलट, निरोप आला म्हणून माणूस रजेवरच आहे असंही नाही. समजा २५ ऑगस्टला मेल केला आणि ‘१५ ऑगस्टपर्यंत रजेवर आहे’ असं उत्तर आलं. तो माणूस कामावर परतलेला आहे, फक्त सोय बंद करायला विसरला आहे, ही शक्यता मोठी.

मग उशीर किती धरायचा? निरोपात दिलेली रजेची शेवटची तारीख हे माप घ्यावं. आपल्या उदाहरणात ती १५ ऑगस्ट, शुक्रवार. पुढे शनिवार-रविवार. सोमवारी १८ तारखेला जर्मनीतल्या दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी उत्तर निघालं. म्हणजे कामावर आल्याच्या पहिल्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास. ११ दिवसांचा आरोप इथे कोसळतो. हेच उत्तर २९ ऑगस्टला आलं असतं, तर १८ पासून २९ पर्यंतचे ११ दिवस मात्र त्या अधिकाऱ्याच्या खात्यावर मांडावे लागले असते आणि तक्रार रास्त ठरली असती.

इतकं करूनही स्क्रीनशॉट तो स्क्रीनशॉटच. तो कापता येतो, त्यातले आकडे बदलता येतात, आणि खरी ओळख पटवणारी ओळ त्यात बहुधा नसतेच. ती मेलच्या हेडरमध्ये असते, म्हणजे पडद्यावर एरवी न दिसणाऱ्या नोंदीत. आपोआप उत्तरांनी स्वतःची ओळख कशी सांगावी याचा संकेत २००४ साली RFC 3834 या दस्तऐवजाने घालून दिला. त्यानुसार हेडरमध्ये अशी ओळ असते:

```
Auto-Submitted: auto-replied
```

काही सेवा दुसऱ्या शब्दाऐवजी `auto-generated` लिहितात. माणसाने लिहिलेल्या साध्या मेलमध्ये ही ओळ सहसा नसतेच. जीमेलमध्ये मेल उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर गेलात की `Show original` मिळतं, तिथे ती शोधता येते. हेडरही मजकूरच असल्याने तोही बनवता येतो, पण ज्या खात्यात मेल आला तिथेच उघडून पाहिला तर शंकेला फारशी जागा उरत नाही.

आपोआप आलेलं उत्तर निरुपयोगी मात्र नाही. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १२ नुसार, पोच कोणत्या पद्धतीने द्यायची हे आधी ठरलेलं नसेल, तर मेल मिळाल्याची पोच समोरच्याच्या कोणत्याही संदेशातून मिळू शकते, आणि तो संदेश आपोआप गेलेला असला तरी चालतो. म्हणून रजेचा निरोप जपून ठेवा. मेल पोहोचला हे तो दाखवतो. मेल वाचला गेला, एवढं मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

कुणी असा स्क्रीनशॉट दाखवून एखाद्याला बेजबाबदार ठरवत असेल, तर आधी दोन्ही मेलच्या वेळा विचारा, रजेची शेवटची तारीख वाचा आणि मूळ मेल हेडरसह दाखवायला सांगा. आणि आपल्यालाच असा निरोप आला, तर त्याच पत्त्यावर पुन्हा पुन्हा आठवण न पाठवता निरोपात दिलेल्या सहकाऱ्याला लिहा. काम त्यानेच पुढे सरकतं.