रेसिड्युअल्समध्ये सिरियल कोरिलेशन सापडलं! गाईडला मेलमध्ये काय लिहायचं?

रिग्रेशन चाललं, पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली, आणि मग तुम्ही रेसिड्युअल्स वेळेच्या क्रमाने मांडून पाहिले. ठिपके वर-खाली विखुरलेले नाहीत, लाटेसारखे आहेत. चार-पाच महिने सलग शून्याच्या वर, मग तितकेच महिने खाली. हेच सिरियल कोरिलेशन. या महिन्याची चूक मागच्या महिन्याच्या चुकीवरून ओळखता येते.

अशा वेळी बरेच जण लिहितात, "सर, मॉडेलमध्ये ऑटोकोरिलेशन येतंय, काय करू?" यावर गाईड उलट विचारणार : किती आहे? कशामुळे? निष्कर्ष बदलतो का? तुझं मत काय? चांगल्या मेलमध्ये या चारही प्रश्नांची उत्तरं आधीच असतात. एक उदाहरण घेऊन पाहू या. आकडे समजावण्यासाठी बनवलेले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी गणित जुळतं.

समजा, तुम्ही एका दूध संघाचं १० वर्षांचं, म्हणजे १२० महिन्यांचं संकलन घेतलंय. प्रश्न असा : कमाल तापमान १ अंशाने वाढलं तर रोजचं सरासरी संकलन किती घटतं? उत्तर आलं −१.८ हजार लिटर, स्टँडर्ड एरर ०.७५, टी −२.४. डर्बिन-वॉटसन मात्र ०.६०. हा आकडा साधारण 2(1 − ρ) इतका असतो. म्हणजे लगतच्या दोन महिन्यांच्या चुकांमधलं कोरिलेशन ρ सुमारे ०.७. बरंच जास्त.

आधी कारण शोधा

सिरियल कोरिलेशन हा बऱ्याचदा आजार नसून लक्षण असतं. मॉडेलमधून काहीतरी राहून गेलेलं असतं, ते रेसिड्युअलमध्ये जाऊन बसतं. दूध थंडीत वाढतं, उन्हाळ्यात आटतं. महिन्यांचे डमी घातले नसतील तर लाट येणारच. मागच्या महिन्याच्या उन्हाचा परिणाम या महिन्यात रेंगाळत असेल, तर मागच्या महिन्याचं तापमानही हवं. एवढं करूनही लाट उरली, तर उरलेल्या कारणांचा विचार करा : चाराटंचाई, जनावरांची साथ, पेंडीचे भाव. ही एका महिन्यात येऊन पुढच्या महिन्यात नाहीशी होत नाहीत. त्यांची माहिती नसेल, तर आता उपायाकडे वळायचं.

बिघडतं काय?

चूक मागच्या महिन्यांतल्या संकलनाशी बांधलेली असली, तरी पुढच्या-मागच्या तापमानाशी तिचा संबंध नसेल, तर −१.८ हा अंदाज एका बाजूला झुकत नाही. बिघडतो तो स्टँडर्ड एरर. नेहमीचं सूत्र १२० महिने म्हणजे १२० स्वतंत्र पुरावे असं धरून चालतं. प्रत्यक्षात तेवढे नसतात. ऋतुमान वजा केल्यावर तापमानातही महिन्या-महिन्यात r = ०.४ कोरिलेशन असेल, तर व्हेरियन्स अंदाजे (1 + ρr)/(1 − ρr) पटीने वाढायला हवा. इथे १.२८ भागिले ०.७२, म्हणजे १.७८ पट. स्टँडर्ड एरर १.३३ पट. ०.७५ चा झाला १.०, आणि टी −२.४ ची झाली −१.८. "उष्णतेचा परिणाम सिद्ध झाला" हे वाक्य आता तसंच्या तसं लिहिता येत नाही.

उपाय दोन, उत्तरं दोन

पहिला उपाय न्यूई-वेस्टचा (१९८७). यात अंदाज तोच राहतो, फक्त स्टँडर्ड एरर दुरुस्त होतो. चुकांचं कोरिलेशन नेमकं कोणत्या आकाराचं आहे हे सांगावं लागत नाही. किती लॅग धरायचे तेवढं ठरवावं लागतं; १२० निरीक्षणांना एका प्रचलित नियमाने ४ येतात.

```r
library(lmtest); library(sandwich)
m <- lm(dudh ~ taap + taap_mage + factor(mahina) + t, data = d)
bgtest(m, order = 12)
coeftest(m, vcov = NeweyWest(m, lag = 4, prewhite = FALSE))
```

दुसरा उपाय म्हणजे चुकांनाच एआर(१) मानून जीएलएस करणं. इथे अंदाजही बदलतो. चुका खरोखर तशा असतील तर हा जास्त नेमका असतो. आपल्या उदाहरणात स्टँडर्ड एरर ०.५६ च्या आसपास येईल, साध्या रिग्रेशनपेक्षाही कमी! पण गृहीतक चुकलं, तर ती नेमकेपणाची खात्री पोकळ ठरते.

मोह इथेच होतो. एका उपायाने तारा जातो, दुसऱ्याने परत येतो. मग तारा देणारा उपाय निवडायचा का? नाही. निवड गृहीतकांवरून करायची, आणि दोन्ही निकाल गाईडसमोर ठेवायचे. मेल असा होऊ शकतो :

> विषय : तापमान मॉडेल – रेसिड्युअल्समध्ये सिरियल कोरिलेशन, मुख्य पद्धतीबद्दल निर्णय हवा
>
> आदरणीय मॅडम,
>
> प्रकरण ३ च्या मॉडेलमध्ये रेसिड्युअल्स स्वतंत्र नाहीत. डर्बिन-वॉटसन ०.६० आहे. १२ लॅगच्या ब्रॉइश-गॉडफ्रे चाचणीतही तेच दिसतं. महिन्यांचे डमी, ट्रेंड आणि मागच्या महिन्याचं तापमान मॉडेलमध्ये आहेत, तरी लाट उरते. चारा आणि रोगराईची मासिक माहिती आपल्याकडे नाही, कारण बहुधा तेच असावं.
>
> तापमानाचा गुणांक −१.८ आहे. साधा स्टँडर्ड एरर ०.७५ होता, न्यूई-वेस्टने (४ लॅग) ०.९६ येतो. ९५ टक्के अंतर −३.७ ते +०.१. लॅग ८ आणि १२ घेऊनही फारसा फरक नाही. एआर(१) जीएलएसने गुणांक −१.३, स्टँडर्ड एरर ०.५६.
>
> मुख्य तक्त्यात न्यूई-वेस्ट ठेवावं असं मला वाटतं, कारण चुका नेमक्या एआर(१) आहेत असं मानायला आपल्याकडे वेगळा आधार नाही. जीएलएस परिशिष्टात देईन. निष्कर्षात "घट दिसते, पण तिचा आकार अनिश्चित आहे" असं लिहीन.
>
> ही निवड योग्य वाटते का? रेसिड्युअलचा आलेख आणि एसीएफ सोबत जोडले आहेत.

मेलमध्ये प्रश्न एकच आहे, त्याला "हो" किंवा "नाही, कारण..." एवढं उत्तर पुरतं. निष्कर्ष कमजोर झालाय हेही लपवलेलं नाही.

हा मेल कधी चालणार नाही?

ρ जर ०.९५ च्या पुढे असेल तर थांबा. मग दोन्ही मालिका नुसत्या भरकटत असतील, आणि संबंध भासमान असू शकतो. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्ये हाच धोका दाखवला. आर-स्क्वेअर डर्बिन-वॉटसनपेक्षा मोठा दिसला तर शंका घ्यावी. तिथे स्टँडर्ड एरर दुरुस्त करून भागत नाही, मालिकांचे फरक घेऊन मॉडेल नव्याने पाहावं लागतं.

दुसरं, मागच्या महिन्याचं दूध हाच व्हेरिएबल म्हणून घातला असेल, तर डर्बिन-वॉटसन २ कडे झुकतो आणि सगळं ठीक असल्यासारखं दाखवतो. शिवाय तेव्हा चुका सिरियली कोरिलेटेड राहिल्या, तर गुणांकच चुकीचा येतो. न्यूई-वेस्ट त्याला वाचवू शकत नाही. अशा मॉडेलला ब्रॉइश-गॉडफ्रे लावा, आणि मेलमध्येही तोच आकडा द्या.