घरचं नेट गेलं, मोबाईलही लागेना. साहेबांना नेमकं काय सांगायचं?

पुण्या-मुंबईच्या कंपनीचं काम गावातल्या घरातून करणारी पोरं-पोरी आता आपल्या तालुक्यात बऱ्यापैकी आहेत. कुणी माडीवर टेबल टाकलंय, कुणी देवघराशेजारची खोली धरलीय. पगार शहराचा आणि खर्च गावाचा, असं हे गणित आहे. पण नेट तीन-चार तास गेलं की ते बिघडतं, कारण तिकडे साहेबांना वाटतं पोरगं कामाच्या वेळी शेतात गेलं असेल नाहीतर झोपलं असेल. नेट गेल्याचं साहेब एक वेळ मान्य करतात. त्यांचा खरा प्रश्न पुढचा असतो, "मग मोबाईलवरून एक फोन करायला काय झालं होतं?"

हा प्रश्न शहराच्या हिशेबाने बरोबर आहे. शहरात घरचं ब्रॉडबँड एका वाटेने येतं आणि मोबाईलचं नेट दुसऱ्या. एक बंद पडलं तर दुसरं चालतं. गावात बहुतेक वेळा तसं नसतं, आणि हेच साहेबांना माहीत नसतं.

आपल्या भागात गेल्या महिन्यात घडलेला प्रकार बघू. एक तरुण पुण्याच्या कंपनीसाठी ग्राहकांच्या तक्रारींना ऑनलाइन उत्तरं देतो. नोकरीला चार महिने झालेत, सहा महिन्यांनी कायम करायचं की नाही ते ठरणार. मंगळवारी सकाळी १०:४२ ला त्याचं नेट गेलं. घरात लाईट होती, राउटरही चालू होता. पण फायबरच्या डब्यावर LOS लिहिलेल्या जागी लाल दिवा लुकलुकत होता आणि PON चा हिरवा दिवा विझला होता.

हे दोन दिवे ओळखता आले पाहिजेत. फायबरच्या तारेत वीज नसते, उजेड असतो. केसासारख्या बारीक काचेतून उजेडाचे ठोके येतात, त्यातच आपलं नेट. तो उजेड डब्यापर्यंत पोचेनासा झाला की LOS लाल होतो. तेव्हा राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही. PON हिरवा स्थिर असेल आणि तरी नेट नसेल, तर तार ठीक आहे. भानगड कंपनीच्या यंत्रणेत, नाहीतर बिल थकलंय. सगळेच दिवे विझले असतील तर लाईट गेलीय किंवा अडॅप्टर जळालाय. साहेबांना "नेट प्रॉब्लेम" एवढंच लिहून पाठवलं तर यातलं काहीच त्यांना कळत नाही.

लाल दिव्यावरून तार नेमकी कुठे तुटली ते मात्र कळत नाही. घराबाहेरची वायर उंदराने कुरतडली तरी LOS लाल होतो, चार किलोमीटरवर जेसीबीचा दात लागला तरी लाल होतो, आणि कंपनीच्या तालुक्याच्या केंद्रातली यंत्रं बंद पडली तरीही. म्हणून पहिलं काम शेजाऱ्याचा डबा बघायचं. फक्त आपलाच लाल असेल तर आपल्या घरची वायर गेली. गल्लीतले सगळे लाल असतील तर बिघाड मागे कुठेतरी मोठ्या लाईनवर आहे. (वायर तुटलेली दिसली तरी टोक हातात घेऊ नका, त्याच्यात डोळा घालून तर मुळीच बघू नका. त्यातला उजेड डोळ्याला दिसत नाही, पण असतो.)

या तरुणाच्या गल्लीत सगळेच लाल होते. पाण्याच्या पाइपलाइनसाठी रस्त्याकडेला चर खणताना ओढ्याच्या पुलाजवळ केबल तुटली होती.

त्याने मोबाईल घेतला. रेंजच्या चारही दांड्या उभ्या. पण नेट उघडेना, फोन लावला की लगेच कट, एसएमएसही जाईना. साहेबांच्या मनात संशय येतो तो इथेच. "तुझ्याकडे रेंज होती ना?" होती. पण दांड्या फक्त आपला फोन आणि गावचा टॉवर यांच्यातली हवा सांगतात. टॉवरच्या मागे काय चाललंय ते दांड्यांना माहीत नसतं. टॉवरला पुढच्या जगाशी जोडणारी वेगळी लाईन लागते. काही टॉवरवर त्यासाठी ढोलासारखी गोल पांढरी तबकडी असते, ती दुसऱ्या टॉवरशी हवेतून बोलते. बाकीचे टॉवर फायबरवर चालतात. आणि गावाकडे येणारा रस्ता एकच असला की फायबरही त्याच रस्त्याच्या कडेने येते. घरच्या नेटची आणि टॉवरची तार एकाच चरात, कधी कधी एकाच केबलमध्ये. जेसीबीने एकदा ओढलं की दोन्ही जातात. टॉवर उभा, त्याची लाईट चालू, दांड्या पूर्ण, आणि आत काही नाही. वेशीपर्यंत रस्ता धड आहे पण पुढचा पूल वाहून गेलाय, तसं.

लाईट गेल्यावर होणारा प्रकार याहून वेगळा. तेव्हा घरचा डबा लगेच बंद पडतो, टॉवर मात्र बॅटरीवर काही वेळ चालतो. बॅटरी संपली आणि जनरेटर नसला की दांड्याही जातात. म्हणजे लाईट गेल्यावर साहेबांना कळवायला थोडा वेळ हातात असतो, केबल तुटल्यावर एक मिनिटही मिळत नाही. हा फरक साहेबांना सांगण्यासारखा आहे.

आता त्या तरुणाचे तीन तास कुठे गेले ते बघू, कारण साहेब तेही विचारतात. अर्धा तास राउटरशी झटण्यात गेला. मग तो शेजारी आणि पुढे ओढ्यापर्यंत गेला. तिथे खोदणाऱ्यांनी सांगितलं, माणूस बोलावलाय, अर्ध्या तासात जोडतील. वाडीवरच्या किराणा दुकानदाराकडे दुसऱ्या कंपनीचं सिम होतं आणि त्याला बाराच्या सुमारास रेंज मिळत होती. तो म्हणाला, "लाव की फोन." पण साहेबांचा नंबर या पोराकडे फक्त ऑफिसच्या अॅपमध्ये होता, आणि अॅप नेटशिवाय उघडत नव्हतं! अर्ध्या तासाच्या आशेवर तो घरी जाऊन बसला. दीड वाजता लॅपटॉप पाठीवर टाकून गाडीवर निघाला. शेजारच्या गावात थांबला, तर तिथला टॉवरही त्याच लाईनवरचा. शेवटी नऊ किलोमीटरवर हायवेच्या फाट्यावर २:०५ ला फोन जिवंत झाला आणि साहेबांचे चौदा मेसेज एकदम आले.

त्याने घाईत पाठवलं, "सॉरी सर, व्हिलेजमध्ये नेट प्रॉब्लेम होता." साहेबांचं उत्तर आलं, "साडेतीन तास? फोनही नाही? असं असेल तर पुण्याला येऊन राहा." पुण्याला राहायचं म्हणजे खोलीचं भाडं आणि मेस, म्हणजे पगाराचा मोठा भाग तिथेच गेला. घरी आजारी वडील आहेत ते वेगळंच.

मग फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर बसून त्याने दुसरा मेसेज लिहिला. त्याच्या परवानगीने इथे देतोय:

"सर, आज सकाळी १०:४२ ते दुपारी २:०५ मी संपर्कात नव्हतो. गावच्या रस्त्यावर पाइपलाइनच्या खोदाईत फायबर केबल तुटली. घरचं नेट आणि गावचा मोबाईल टॉवर एकाच केबलवर आहेत असं तिथल्या कर्मचाऱ्याने सांगितलं, त्यामुळे रेंज दिसत असूनही फोन आणि एसएमएस जात नव्हते. १२ वाजताचा रिपोर्ट तयार होता, तो आत्ता पाठवला आहे. सकाळच्या सहा तक्रारींपैकी दोनची उत्तरं बाकी आहेत, ती तीनपर्यंत देतो. केबल संध्याकाळपर्यंत जोडली जाईल असं कळलंय. तोपर्यंत मी हायवेच्या फाट्यावर मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून काम करतोय आणि फोनवर आहे. तक्रार क्रमांक, डब्यावरच्या लाल दिव्याचा आणि तुटलेल्या केबलचा फोटो सोबत जोडलाय."

यात वेळ आधी आहे आणि ती मिनिटापर्यंत आहे, हे बघा. ऑफिसचं कनेक्शन कधी तुटलं याची नोंद कंपनीकडे आपोआप होते. आपण "बारापासून नव्हतं" असं मोघम लिहिलं आणि त्यांच्या नोंदीत १०:४२ निघालं, तर खरी केबल तुटलेली असूनही आपण खोटे ठरतो. फोटोचंही तसंच. मोबाईल फोटोवर वेळ नोंदवतो, म्हणून लाल दिवा दिसला की लगेच फोटो काढायचा, नंतर आठवून नाही. टॉवरबद्दल त्याने "असं कर्मचाऱ्याने सांगितलं" लिहिलं, कारण त्याने स्वतः चर उकरून बघितलं नव्हतं. आणि माफीपेक्षा कामाचा हिशेब जास्त आहे. साहेबांना वरच्यांना उत्तर द्यायचं असतं. कुठलं काम अडलं आणि कधी पुरं होणार, हे त्यांना लागतं. पहिल्या मेसेजमध्ये ते नव्हतं.

साहेबांचा एक प्रश्न तरी आलाच, "जोडायला एवढा वेळ का लागतो?" काचेची दोन टोकं मशीनवर वितळवून जोडायला मिनिटंच लागतात. वेळ जातो तो आधी. तालुक्याहून माणूस यायचा, त्याने यंत्र लावून उजेड किती मीटरवर अडतोय ते मोजायचं, चर मोकळा करायचा, ताणलेली केबल कापून मधे नवा तुकडा घालायचा. म्हणजे सांधे दोन, आणि केबलमध्ये जितके धागे तितक्यांदा. या गावची लाईन पाचला सुरू झाली.

खोदण्याआधी केबलवाल्यांना कळवायची सोय नाही असं नाही. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अॅप त्यासाठीच आणलंय. आपल्याकडे जेसीबीवाल्याच्या मोबाईलमध्ये ते किती वेळा उघडलं जातं, ते रस्त्याकडेला लोंबणाऱ्या केबल बघून समजावं.

त्या तरुणाची त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा लागली, पुण्याला जायचं मात्र टळलं. साहेबांचा आणि एका सहकाऱ्याचा नंबर त्याने आता कागदावर लिहून भिंतीला चिकटवलाय. दुसऱ्या कंपनीचं सिम घेतलंय, तेही दुकानदाराच्या वाडीवर जाऊन रेंज तपासून, कारण दोन कंपन्यांची यंत्रं एकाच टॉवरवर, एकाच केबलवर असली तर दुसऱ्या सिमचा उपयोग नाही. साहेबांशी त्याचं ठरलंय की वीस मिनिटांत नेट आलं नाही तर तो वाडीवर जाऊन फोन करणार, आणि तासाभरात आलं नाही तर लॅपटॉप घेऊन फाटा गाठणार. पाइपलाइनचं काम अजून संपलेलं नाही. पुढच्या आठवड्यात ओढ्याच्या दुसऱ्या बाजूला चर खणणार आहेत, ते त्याने साहेबांना आजच कळवून ठेवलंय.