जिरॅनिऑल ८५ टक्के, तरी तेल भेसळीचं? रोशा तेलाचा जीसी रिपोर्ट कसा वाचायचा

खानदेशात रोशा गवतापासून तेल काढण्याचा धंदा जुना आहे. या गवताला तिखाडी असंही म्हणतात. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून कॉन्स्टँटिनोपलला जायचं. तिथे त्याचा मोठा वाटा महागड्या गुलाब अत्तरात मिसळण्यासाठी वापरला जाई. कारण दोन्ही तेलांत जिरॅनिऑल हा गुलाबासारखा वास देणारा घटक असतो. युरोपच्या बाजारात तर रोशा तेलाला ‘तुर्की जिरेनियम तेल’ हेच नाव पडलं होतं.

आज बाजू उलटली आहे. कारखान्यात तयार होणारं जिरॅनिऑल स्वस्त पडतं, त्यामुळे आता रोशा तेलातच भेसळ होते. ती शोधण्यासाठी खरेदीदाराच्या हातात असतो गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजेच जीसीचा रिपोर्ट. पण त्यात नेमकं काय पाहायचं?

रिपोर्ट कसा तयार होतो?

तेलाचा अगदी सूक्ष्म थेंब यंत्रात सोडतात. तिथे त्याची वाफ होते आणि वायूच्या प्रवाहाबरोबर ती केसासारख्या बारीक, ३० किंवा ६० मीटर लांबीच्या नळीतून जाते. या नळीला कॉलम म्हणतात. प्रत्येक घटकाला बाहेर पडायला वेगळा वेळ लागतो. तो बाहेर आला की आलेखावर एक सुळका उमटतो. सुळका कोणत्या मिनिटाला आला, यावरून घटक ओळखतात आणि सुळक्याच्या क्षेत्रफळावरून त्याचं प्रमाण काढतात. रिपोर्टमधला ‘एरिया पर्सेंट’चा रकाना म्हणजे हे प्रमाण.

मोठा आकडा फसवा का असतो?

नैसर्गिक रोशा तेलात जिरॅनिऑल साधारण ७० ते ८५ टक्के असतं. त्यामुळे बरेच खरेदीदार तेवढीच एक ओळ पाहतात. भेसळ करणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून तो नेमकी तीच ओळ चांगली दिसेल अशी व्यवस्था करतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत साबण बनवणाऱ्या एका छोट्या युनिटने एकाच पुरवठादाराकडून रोशा तेलाच्या दोन बॅच मागवल्या. पहिली बॅच खात्रीची आहे. खालचे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.

| घटक | पहिली बॅच (%) | दुसरी बॅच (%) |
|---|---|---|
| जिरॅनिऑल | ७९.५ | ८४.७ |
| जिरॅनिल ॲसिटेट | ९.२ | ४.६ |
| लिनॅलूल | २.८ | १.४ |
| ओसिमिन | १.८ | ०.९ |
| कॅरिओफिलिन | १.६ | ०.८ |
| नेरॉल | ०.३ | २.६ |
| सिट्रोनेलॉल | ०.०५ | २.० |

जिरॅनिऑल पाहिलं तर दुसरी बॅच सरस वाटते. आता त्याखालच्या चार ओळी पाहा. चारही घटक बरोबर निम्म्यावर आले आहेत. गवत शेतातलं असल्यामुळे घटक कमीजास्त होणं स्वाभाविक आहे. उदाहरणार्थ, फुलोरा पक्व होत जातो तसं जिरॅनिल ॲसिटेट कमी होतं आणि जिरॅनिऑल वाढतं. त्यामुळे एकच घटक उतरला असता तर कापणी उशिरा झाली असं म्हणता आलं असतं. पण एकमेकांशी फारसा संबंध नसलेले चार घटक एकाच पटीत उतरतात, तेव्हा कारण कापणीचं नसतं. तेलात दुसरं काहीतरी तितकंच ओतलेलं असतं.

काय ओतलं, हे शेवटच्या दोन ओळी सांगतात. रोशा तेलात सिट्रोनेलॉल जवळजवळ नसतं आणि नेरॉलही अगदी थोडं असतं. बाजारातल्या जिरॅनिऑलमध्ये मात्र हे दोन्ही सोबती बऱ्याचदा राहून जातात, कारण तिन्ही रेणू एकमेकांच्या फार जवळचे असल्याने पूर्ण वेगळे करणं खर्चिक असतं. समजा, पहिल्या बॅचसारखं तेल निम्मं घेतलं आणि त्यात ९० टक्के जिरॅनिऑल, ५ टक्के नेरॉल व ४ टक्के सिट्रोनेलॉल असलेला माल निम्मा मिसळला. गणित केलं तर दुसऱ्या बॅचचेच आकडे येतात. म्हणजे ड्रममधलं अर्धंच तेल गवताचं आहे.

हे घटक रिपोर्टमध्ये लपू शकतात का?

हो, दोन प्रकारे. पहिला प्रकार कॉलमचा आहे. सर्रास वापरल्या जाणाऱ्या नॉन-पोलर कॉलमवर नेरॉल आणि सिट्रोनेलॉल जवळपास एकाच वेळी बाहेर पडतात. दोघांचा मिळून एकच सुळका दिसतो आणि त्यावर नाव फक्त नेरॉलचं लिहिलेलं असू शकतं. पोलर, म्हणजे वॅक्स प्रकारच्या कॉलमवर ते वेगळे होतात. म्हणून रिपोर्टच्या डोक्यावर कॉलमचं नाव आहे का, हे आधी पाहावं आणि शंका असेल तर वॅक्स कॉलमवरचा रिपोर्ट मागावा.

दुसरा प्रकार गाळणीचा आहे. ठरावीक टक्क्यांपेक्षा लहान सुळके यादीत घेऊ नयेत, अशी सूचना यंत्राला देता येते. ही मर्यादा मोठी ठेवली की भेसळीच्या खुणा यादीतून गळतात. त्यामुळे नुसता तक्ता पुरेसा नाही. सोबत आलेख हवा आणि आलेखावर दिसणारा प्रत्येक ठळक सुळका तक्त्यात सापडायला हवा.

आलेख मिळाला की बॅच नंबर आणि तपासणीची तारीख ड्रमवरच्या मजकुराशी जुळवावी. दोन बॅचच्या रिपोर्टमधल्या सगळ्या वेळा शेवटच्या दशांशापर्यंत सारख्या असतील, तर जुन्याच रिपोर्टवर नवा नंबर टाकलेला असण्याची शक्यता मोठी. एकच नमुना दोनदा तपासला तरी वेळांमध्ये किंचित फरक पडतो.

जीसीला काय दिसत नाही?

खोबरेल किंवा एरंडेलासारखी खाद्य अथवा स्थिर तेलं. ती या तापमानात उडत नाहीत आणि कॉलममधून सुळका बनून बाहेर येत नाहीत. एरिया पर्सेंट काढताना बाहेर आलेल्या घटकांचीच बेरीज १०० धरली जाते. त्यामुळे ड्रममध्ये २० टक्के खोबरेल असलं तरी उरलेल्या ८० टक्क्यांचा रिपोर्ट १०० टक्के शुद्ध तेलासारखाच दिसतो.

यावर साधा उपाय आहे. गाळण कागदावर तेलाचा एक थेंब टाकून तो दिवसभर उघडा ठेवावा. शुद्ध तेल उडून जातं. स्थिर तेल असेल तर तेलकट, पारदर्शक डाग मागे राहतो. दुसरी चाचणी ७० टक्के अल्कोहोलची. रोशा तेल दोन-तीन पट अल्कोहोलमध्ये स्वच्छ विरघळतं. स्थिर तेल मिसळलेलं असेल तर मिश्रण गढूळ होतं. नेमकं प्रमाण हवं असेल तर वजन केलेलं तेल वाफाळत्या पाण्यावर तापवून उरलेला अवशेष मोजतात.

एक मर्यादा मात्र उरते. सिट्रोनेलॉल आणि नेरॉल काढून टाकलेलं अतिशुद्ध जिरॅनिऑल थोड्या प्रमाणात मिसळलं, तर साध्या जीसीत खूण सापडत नाही. नैसर्गिक चढउतार म्हणून ते खपून जातं. तिथे कार्बन आणि हायड्रोजनच्या समस्थानिकांची महागडी तपासणी लागते. निम्म्या भेसळीसाठी मात्र तेवढ्या खर्चाची गरज नसते. खात्रीच्या जुन्या बॅचचा रिपोर्ट आणि त्या तेलाची एक सीलबंद बाटली जपून ठेवली, तर नव्या बॅचमध्ये काय घटलं आणि काय नव्याने आलं, हे शेजारी ठेवून तपासता येतं.