कॅमेऱ्याचा पुरावा आणि तीस दिवसांचे घड्याळ

ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्लीच्या वाहतूक पोलिसांनी सुमारे दीड लाख चलाने मागे घेण्याचा निर्णय केला. ही सारी चलाने वेगमर्यादा ओलांडल्याबद्दलची होती आणि ती राष्ट्रीय महामार्ग २४ वरील निजामुद्दीन पूल ते गाझीपूर या टापूत बसवलेल्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या वाहनांना पाठवण्यात आली होती. कॅमेरा बिघडला नव्हता आणि छायाचित्रेही खोटी नव्हती. रस्त्याच्या कडेला लावलेल्या फलकावर ताशी ७० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली होती आणि कॅमेरा मात्र ६० च्या मर्यादेवर बेतलेला होता. फलक एका खात्याचा आणि कॅमेरा दुसऱ्याचा, एवढ्या विसंगतीतून लाखाहून अधिक लोक कागदोपत्री दोषी ठरले होते.

या प्रकरणातून एक गोष्ट ध्यानात येते. चलानावर आपल्याला दिसते ते छायाचित्र, आणि वाद बहुधा त्या छायाचित्रामागच्या कागदांत दडलेला असतो. ते कागद नागरिकाच्या हाती येण्याचा रीतसर मार्ग म्हणजे माहिती अधिकार कायदा, २००५. मात्र तो वापरताना अर्जदार दोन चुका हमखास करतात. एक, ते चुकीची गोष्ट मागतात. आणि दोन, ते उशिरा मागतात.

आधी काय मागता येते ते पाहू. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६ अ आले आणि त्याखाली केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७ अ समाविष्ट झाला. या नियमाने कॅमेऱ्याच्या पुराव्याला काही अटी घातल्या. उपकरणाला राज्य शासनाने नेमलेल्या प्राधिकाऱ्याचे मान्यता प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे. कॅमेऱ्याच्या टापूआधी ठळक सूचनाफलक हवा. गुन्ह्याची सूचना घटनेपासून पंधरा दिवसांत पाठवली जावी. चलानासोबत वाहनाचा क्रमांक व गुन्हा स्पष्ट दाखवणारे छायाचित्र, उपकरणाने नोंदलेले मोजमाप, दिनांक, वेळ, ठिकाण आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र असावे. हे प्रमाणपत्र पूर्वी भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब खाली दिले जाई; १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतली आहे. आणि चलानाचा निकाल लागेपर्यंत गुन्ह्याची इलेक्ट्रॉनिक नोंद जपून ठेवली जावी, असेही हा नियम सांगतो.

येथेच एक भेद लक्षात घ्यायला हवा. गुन्ह्याचे छायाचित्र वा त्या काही सेकंदांची चित्रफीत ही चलानाची नोंद आहे. ती जपणे नियमाने बंधनकारक आहे. चौकातला कॅमेरा अहोरात्र जे चित्रण करतो, ते मात्र वेगळे. अनेक शहरांत ते महिनाभरातच आपोआप पुसले जाते आणि त्यावर नवे चित्रण चढते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७ नुसार जन माहिती अधिकाऱ्याला उत्तर देण्यासाठी तीस दिवस मिळतात. म्हणजे पुरावा पुसला जाण्याचे आणि उत्तर येण्याचे घड्याळ जवळपास सारख्याच गतीने चालते, आणि अर्जदार नेहमी मागाहून सुरुवात करतो.

एक कल्पित उदाहरण घेऊन हे पाहू. नाशिकची एक मोटार ४ मार्चला दिल्लीत होती. २७ मार्चला मालकाच्या मोबाइलवर संदेश आला: सायंकाळी सव्वासहा वाजता अमुक मार्गावर वेगमर्यादा ओलांडली. मालकाचे म्हणणे असे की त्या वेळी गाडी कोंडीत उभी होती. घटना आणि सूचना यांत तेवीस दिवस गेले आहेत. पंधरा दिवसांच्या अटीचा प्रश्न इथेच उभा राहतो. शिवाय सलग चित्रण महिनाभर टिकत असेल, तर ते ३ एप्रिलच्या सुमारास पुसले जाईल. २८ मार्चला अर्ज केला तरी उत्तराची मुदत २७ एप्रिलला संपते. केवळ अर्ज करून वाट पाहत बसले, तर उत्तर येईल ते ‘चित्रण उपलब्ध नाही’ असे.

म्हणून अर्जाच्याच दिवशी दुसरे एक पत्र वाहतूक विभागाला ईमेलने आणि नोंदणीकृत डाकेने जायला हवे: अमुक चलान क्रमांकाशी संबंधित, ४ मार्च रोजी सायंकाळी सहा ते साडेसहा या वेळेतील चित्रण माहिती अधिकारातील अर्जाचा विषय आहे, ते जतन करावे. या वाक्याला कायद्याचे बळ आहे. मागितलेली माहिती नष्ट करणाऱ्या अधिकाऱ्याला कलम २० खाली दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुसण्याआधी अर्ज पोहोचला होता, हे सिद्ध करणारी पोच म्हणूनच जपून ठेवावी.

अर्ज कोणाकडे करायचा, हा पुढचा प्रश्न. दिल्ली पोलीस केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत असल्याने त्यांच्यासाठी rtionline.gov.in या केंद्राच्या संकेतस्थळावर दहा रुपये भरून अर्ज करता येतो. बंगळूरु वा लखनऊच्या चलानासाठी मात्र त्या त्या राज्याच्या पोलिसांकडेच जावे लागते आणि शुल्क भरण्याची रीत त्या राज्याच्या नियमांप्रमाणे असते. महाराष्ट्राचा न्यायालयीन मुद्रांक तेथे चालत नाही. चलान पोलिसांचे असले तरी कॅमेरा महापालिकेचा, स्मार्ट सिटी कंपनीचा किंवा महामार्ग प्राधिकरणाचा असू शकतो. अशा वेळी कलम ६(३) नुसार मूळ कार्यालयाने पाच दिवसांत अर्ज योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. ते दिवस आधीच आटलेल्या मुदतीतून जातात, म्हणून शक्य असेल तर दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज करणे शहाणपणाचे.

अर्जात कारण सांगावे लागत नाही. ‘मला दंड का केला?’ असा प्रश्न मात्र विचारू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात स्पष्ट केले आहे की, कायद्याने मिळते ती अभिलेखात असलेली माहिती; अधिकाऱ्याने नवे मत वा स्पष्टीकरण तयार करून देणे अपेक्षित नाही. म्हणून नाशिकच्या मोटारमालकाने कागद मागावेत: चलानाचे मूळ छायाचित्र, नोंदलेला वेग आणि सोबतच्या प्रमाणपत्राची प्रत, उपकरणाचा अनुक्रमांक व ४ मार्चला लागू असलेले मान्यता प्रमाणपत्र, त्या टापूची वेगमर्यादा ठरवणारी अधिसूचना आणि फलक बसवल्याची नोंद, सूचना पाठवल्याचा दिनांक, आणि त्या अर्ध्या तासाचे चित्रण, ते नष्ट झाले असल्यास नष्ट केल्याचा दिनांक व तसे करण्याचा आदेश. प्रती प्रमाणित मागाव्यात. महाराष्ट्रातील कार्यालयाकडे अर्ज करायचा असेल, तर दीडशे शब्द आणि एकच विषय या राज्य नियमाचे भान ठेवावे.

उत्तर आले की ते चलानाशी ताडून पाहावे. मान्यता प्रमाणपत्राची मुदत घटनेआधीच संपली होती का? अधिसूचनेतील वेग आणि चलानावरील मर्यादा एकच आहे का? छायाचित्रावरील ठिकाण, चलानावरील ठिकाण आणि फलकाची जागा जुळते का? क्रमांकपट्टी यंत्राने वाचलेली असल्यास बी आणि आठ, डी आणि शून्य यांची गल्लत होते. आणि बनावट पट्टीच्या प्रकरणात गाडीचा रंग किंवा बनावट वेगळी निघते. तेव्हा केवळ पट्टीचे नव्हे, तर संपूर्ण वाहनाचे छायाचित्र मागावे. गाडी आपली नाहीच असे त्यातून दिसले, तर पोलिसांत तक्रार नोंदवण्यासाठी तोच कागद उपयोगी पडतो.

नकार बहुधा दोन कारणांनी येतो. पहिले, तपासात अडथळा येईल, कलम ८(१)(ज). त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाचा २००७ चा भगतसिंग प्रकरणातील निकाल आहे: तपास चालू आहे एवढे म्हणणे पुरेसे नाही, माहिती दिल्याने तो कसा अडेल हे अधिकाऱ्याने दाखवायला हवे. दुसरे, खासगी माहिती. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने कलम ८(१)(ञ) ची शब्दरचना बदलली आणि नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल लागू झाला. पूर्वी खासगीपणावर अकारण आक्रमण होते का, असा निकष होता. आता माहिती वैयक्तिक असणे हेच नाकारण्याचे कारण होऊ शकते. त्यामुळे चित्रणात दिसणाऱ्या इतरांच्या चेहऱ्यांचा आधार घेतला जाईल. त्याला उत्तर कायद्यातच आहे: कलम १० नुसार इतरांचे चेहरे व क्रमांक झाकून उरलेला भाग द्यावा, अशी मागणी अर्जातच करून ठेवावी. व्यापक जनहिताचे कलम ८(२) कायम आहे. उपकरणाचे प्रमाणपत्र आणि वेगमर्यादेची अधिसूचना तर कोणाचीच खासगी माहिती नव्हे.

तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा नकार आल्यास पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील आणि त्यानंतर नव्वद दिवसांत आयोगाकडे दुसरे अपील करता येते. आयोगांपुढील प्रलंबित प्रकरणे पाहता दुसऱ्या अपिलाचा निकाल चलानाच्या निकालाआधी लागेल, अशी आशा धरू नये.

माहिती अधिकारातील अर्जाने चलान थांबत नाही, ही मर्यादाही स्वच्छ समजून घ्यावी. दंड भरला की प्रकरण तडजोडीने मिटले असे कायदा मानतो, आणि नंतर सापडलेला कागद निरुपयोगी ठरतो. म्हणून हरकत घ्यायची असेल तर दंड न भरता, दिलेल्या मुदतीत तक्रार नोंदवावी किंवा आभासी न्यायालयात चलानाला आव्हान देण्याचा पर्याय निवडावा. तसे केल्यास प्रकरण नियमित न्यायालयाकडे जाते. तेथे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली मूळ चित्रण हजर करण्याचा आदेश मागता येतो. अपघाताच्या प्रकरणात, जिथे चित्रणावर भरपाई अवलंबून असते, तिथे हा मार्ग पहिल्या आठवड्यातच धरावा.

राष्ट्रीय महामार्ग २४ वरील चूक एका वाहनापुरती नव्हती. एका फलकाच्या विसंगतीने ती दीड लाख पट झाली. कलम ४ सार्वजनिक कार्यालयांना न मागता माहिती प्रसिद्ध करायला सांगते. प्रत्येक कॅमेऱ्याचे मान्यता प्रमाणपत्र, त्याची वेगमर्यादा आणि चित्रण जपण्याची मुदत संकेतस्थळावर टाकली, तर नाशिकच्या मोटारमालकाला पाचपैकी निम्मे प्रश्न विचारावेच लागणार नाहीत. आणि फलक व कॅमेरा यांत जुळत नसलेले दहाचे अंतर कोणाच्या तरी नजरेस पहिल्याच आठवड्यात येईल.