प्रायमर सिलिकॉनचा की पाण्याचा? वाटीभर पाण्यात केलेली तपासणी

माझी मामेबहीण कशेळीत नवरीचे मेकअप करते. मे महिन्यात तिचा फोन आला. "ताई, हळदीला नवरीच्या हनुवटीजवळ फाउंडेशनच्या गोळ्या झाल्या. खोडरबर घासल्यावर पडतात ना, तशा. तेलकट त्वचेला सिलिकॉनचाच प्रायमर लावायचा असतो, तोच लावला होता. मग काय चुकलं?"

कशेळी म्हणजे ठाण्याहून खाडीवरचा पूल ओलांडला की लागणारं भिवंडीकडचं पहिलं गाव. खाडीची दमट हवा, वर मांडवातले दिवे, आणि हळद रात्री उशिरापर्यंत चालणार. तिथे मेकअप उतरला की गावभर चर्चा होते आणि पुढच्या दोन ऑर्डरी जातात. त्यामुळे तिला नेमकं उत्तर हवं होतं.

"तेलकट त्वचेला सिलिकॉन, कोरड्या त्वचेला पाण्याचा" हा नियम तुम्हीही ऐकला असेल. त्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. एक, प्रायमर आणि त्वचेचं जमतं का. दुसरा, प्रायमर आणि त्यावर येणाऱ्या फाउंडेशनचं जमतं का. गोळ्या होणं बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नातलं असतं, आणि नियम मात्र पहिल्याबद्दलच बोलतो.

आधी बाटलीकडे बघू. भारतात सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे घटकांची यादी द्यावी लागते. १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने, त्याखालचे कुठल्याही क्रमाने. डायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलोक्सेन, म्हणजे शेवटी 'कोन' किंवा 'सिलोक्सेन' असलेली नावं दिसली की ती साधारणपणे सिलिकॉनं ('साधारणपणे' म्हणतेय, कारण शेवटच्या 'कोन'वरून काही इतर नावंही फसवतात). आता सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे: यादीत पहिलं नाव 'पाणी' दिसलं की लोक त्याला पाण्याचं उत्पादन म्हणतात. यादी फक्त किती आहे ते सांगते, आत-बाहेर काय आहे ते सांगत नाही. फाउंडेशन हे बहुधा इमल्शन असतं, एका द्रवात दुसऱ्याचे बारीक थेंब. अर्ध्याहून जास्त पाणी असलं तरी ते थेंबांच्या रूपात आत असू शकतं आणि बाहेरून सिलिकॉन असू शकतं. त्वचेला किंवा खालच्या थराला आधी भिडतो तो बाहेरचा द्रव.

बाहेर कोण आहे हे ओळखायची चाचणी इमल्शनच्या प्रॅक्टिकलमध्ये आपण सगळ्यांनी केलेली असते. स्टीलच्या वाटीत साधं पाणी घ्या, मोहरीएवढा नमुना टाका आणि टूथपिकने ढवळा. पाणी दुधाळ झालं तर बाहेर पाणी आहे. नमुना गोळा होऊन तरंगला किंवा वाटीला चिकटला तर बाहेर सिलिकॉन किंवा तेल आहे. घाई मात्र करू नका. काही पाण्याचे जेल घट्ट असतात, त्यांना विरघळायला दोनेक मिनिटं लागतात. आणि रंगाचे कण तळाशी बसले म्हणजे नमुना विरघळला असं नाही.

बहिणीच्या पेटीतल्या चार बाटल्या अशा तपासल्या. एका प्रायमरच्या यादीत डायमेथिकोन पहिलं, पाणी नाहीच. तो वाटीत गोळाच राहिला. दुसऱ्यावर ठळक अक्षरांत 'वॉटर बेस्ड'. यादीत पाणी, ग्लिसरीन आणि तिसरं डायमेथिकोन. तो दुधाळ झाला. दोन्ही फाउंडेशनच्या यादीत पाणीच पहिलं होतं, पण एक वाटीत विरलं आणि दुसरं तरंगत राहिलं. हळदीला वापरलेलं होतं ते विरणारं, आणि त्याखाली डायमेथिकोनचा प्रायमर.

कारण पृष्ठताणात आहे. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, डायमेथिकोनचा २० च्या आसपास. इतक्या कमी ऊर्जेच्या थरावर पाणी पसरायला तयार नसतं, अळूच्या पानावर जसं थेंब धरून बसतं तसं. फाउंडेशनमधले इतर घटक हा फरक बराच कमी करतात, म्हणून लावताना सगळं छान दिसतं. पण पकड कच्ची राहते, आणि घाम पुसताना बोट फिरलं की थर गुंडाळला जातो. प्रायमर जाड लावला किंवा बसायच्या आत वर दुसरा थर दिला तर जुळणाऱ्या जोडीतही हे होतं. म्हणून आधी मनगटाच्या आतल्या बाजूला दोन्ही थर एकावर एक लावून, पाच मिनिटांनी बोट फिरवून बघावं. तळहातावर दोन्ही एकत्र कालवून 'फाटतं का' बघायची पद्धत मला फारशी पटत नाही. चेहऱ्यावर आपण कालवत नाही, थर देतो.

तरंगणारं फाउंडेशन त्याच प्रायमरवर लावलं, गोळ्या झाल्या नाहीत.

आता त्वचेचा प्रश्न. बहिणीची त्वचा तेलकट, माझी कोरडी, म्हणून अर्ध्या चेहऱ्याची तुलना केली. एका गालावर एक प्रायमर, दुसऱ्यावर दुसरा, दोन्ही मटाराएवढे. कुठला कुठे हे नाणं उडवून ठरवलं, कारण झोपायची बाजू किंवा फोन लावायचा कान यानेही गालांत फरक पडतो. वरचं फाउंडेशन दोन्हीकडे एकच, दोन्ही प्रायमरवर मनगटावर टिकलेलं. तीन तासांनी त्याच खिडकीजवळ फोटो काढले आणि मामीला विचारलं, कुठली बाजू बरी दिसते? मामीला काय कुठे लावलंय ते माहीत नव्हतं.

बहिणीच्या दोन्ही गालांवर तेल आलंच, टिपकागदावरचे डाग सारखेच दिसले. सिलिकॉन तेलग्रंथी बंद करत नाही. फक्त रंध्रांवरचे खड्डे भरून पृष्ठभाग सपाट करतं, आणि त्वचेच्या तेलात सहज मिसळत नाही. मामीने सिलिकॉनची बाजू निवडली ती याच कारणाने. उलट ग्लिसरीनची बाजू दमट हवेत चिकट लागत होती. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, कोरड्या त्वचेला ते हवं असतं, पण खाडीकाठच्या मे महिन्यात तेलकट चेहऱ्याला नको होतं.

माझ्या चेहऱ्यावर पाण्याच्या प्रायमरची बाजू चांगली ठरली, दुसरीकडे नाकाशेजारी साल सुटलेली दिसत होती. म्हणजे नियम खरा? मीही खूश झाले होते. पण दुसऱ्या दिवशी दोन्ही गालांना आधी साधं मॉइश्चरायझर लावलं, दहा मिनिटं थांबले आणि तेच पुन्हा केलं. मामीला फरक सांगता आला नाही. आदल्या दिवशी मी प्रायमरची तुलना करतेय असं समजत होते. प्रत्यक्षात तुलना झाली होती ग्लिसरीन मिळालेल्या आणि न मिळालेल्या गालाची. सिलिकॉन त्वचेत पाणी घालत नाही, पण ओल्या केलेल्या त्वचेला त्याने कोरडंही पाडलं नाही.

चेहरे दोनच, परीक्षक एक, तीही घरची. यावरून कुठल्या त्वचेला काय हे ठरवता येणार नाही. वाटीतली चाचणी मात्र चेहऱ्यावर अवलंबून नाही, म्हणून बहिणीने तेवढीच उचलली. आता तिच्या पेटीतल्या प्रत्येक झाकणावर मार्करने 'वि' नाहीतर 'त' लिहिलेलं असतं, विरणारं आणि तरंगणारं. 'वि'वर 'त' चालतं का, असं परवा तिने विचारलं. काही जोड्यांत चालतं. मनगटावर बघ, म्हटलं.